27 फेब्रुवारी भरली आहे, 25 एप्रिल चालेल का?

मराठी शिकवणाऱ्या किंवा लिहिणाऱ्या माणसाची डायरी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात उघडून पाहावी. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजे 27 फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो. मग त्या एका दिवशी शाळेला वक्ता हवा असतो, बँकेला हवा असतो, वाचनालयाला हवा असतो आणि गृहनिर्माण सोसायटीलाही हवा असतो. वक्ते मात्र तेवढेच. त्यामुळे जानेवारीच्या अखेरीस नकार कळवणं हा या मंडळींचा जोडधंदाच होऊन बसतो.

उदाहरणादाखल पुण्यातल्या एका प्राध्यापिका घेऊ. 27 फेब्रुवारी 2026, शुक्रवार. सकाळी अकराला त्यांच्याच महाविद्यालयातला कार्यक्रम, दुपारी चारला मुंबईत एका बँकेत व्याख्यान. अशात 29 जानेवारीला सातारा जिल्ह्यातल्या एका वाचनालयाची ईमेल येते: त्याच संध्याकाळी सहा वाजता आमच्याकडे या. अशा वेळी मराठी माणसाच्या बोटांतून आपोआप टाइप होणारं उत्तर ठरलेलं असतं. ‘बघते, जमवण्याचा प्रयत्न करते.’

लिहिणारीच्या लेखी हा सौम्य नकार. वाचणाऱ्या कार्यवाहांच्या लेखी मात्र हा जवळजवळ होकार. ते पत्रिका छापायला टाकतात, फ्लेक्सवर फोटो चढतो, अध्यक्षांना फोन जातो. आठ दिवस आधी खरा नकार कळला, की त्यांची पळापळ सुरू होते आणि तोपर्यंत दुसरे वक्तेही कुठे कुठे अडकलेले असतात. म्हणजे मन राखायला लिहिलेल्या ‘बघते’नंच सगळ्यांत जास्त मन दुखावतं. म्हणून आलेल्या निमंत्रणाला दोन दिवसांत स्पष्ट उत्तर देणं ही पहिली सभ्यता.

ते उत्तर असं लिहिता येईल:

विषय : 27 फेब्रुवारीला येता येणार नाही, 25 एप्रिल चालेल का?

मा. कार्यवाह,
सप्रेम नमस्कार.
आपले 29 जानेवारीचे निमंत्रण मिळाले. 27 फेब्रुवारीला मला येता येणार नाही. त्या दिवशी सकाळी महाविद्यालयात आणि दुपारी मुंबईत असे दोन कार्यक्रम आधीच ठरले आहेत. तरी कृपया त्या दिवसासाठी दुसरे वक्ते ठरवावेत.
आपल्या वाचनालयात बोलायला मला आवडेल. 23 एप्रिलला जागतिक पुस्तक दिन असतो. त्यानिमित्त शनिवार, 25 एप्रिल रोजी संध्याकाळी 6 वाजता कार्यक्रम ठेवता आला तर मी येईन. ही तारीख 10 मार्चपर्यंत आपल्यासाठी राखून ठेवते. तोवर कृपया कळवावे.
कळावे,
आपली

नकार तिसऱ्याच ओळीत आहे, आभाराच्या चार ओळींखाली दडलेला नाही. विषयाच्या ओळीतही तो आहेच, कारण फोनवर ईमेल आली की आधी तेवढंच दिसतं. ‘दुसरे वक्ते ठरवावेत’ हे वाक्य कोरडं वाटेल, पण पत्रातलं सगळ्यांत उपयोगाचं वाक्य तेच. ते नसेल, तर कार्यवाह आणखी एकदा फोन करून पाहतात: ‘मॅडम, मुंबईहून परस्पर येता येईल का? गाडी पाठवतो.’

‘वेळ नाही’ हे शब्द पत्रात कुठेच नाहीत, आणि ते मुद्दाम. अमेरिकेतले संशोधक ग्रँट डॉनेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नकाराच्या सबबींचा अभ्यास केला. निमंत्रण नाकारताना ‘पैसे नाहीत’ म्हणण्यापेक्षा ‘वेळ नाही’ म्हटलेलं समोरच्याला जास्त लागतं, असं त्यांना आढळलं. कारण सरळ आहे. पैसे नसणं माणसाच्या हातात नसतं असं आपण धरून चालतो; वेळ मात्र ज्यानं त्यानं काढायचा असतो, असं आपल्याला वाटतं. ‘वेळ नाही’ याचा अर्थ मग ‘तुमच्यासाठी नाही’ असा लागतो. आधी दिलेला शब्द मोडता येत नाही, हे मात्र कुणालाही पटतं, कारण उद्या तोच न्याय आपल्यालाही मिळणार असतो. दोन कार्यक्रमांचा उल्लेख पुरे. बँकेचं नाव, लोकलची वेळ आणि घरची आजारपणं सांगत बसलं, की कारणाची कैफियत होते.

आता पुढच्या तारखेचं. फसगत होते ती बहुतेक इथेच. 2005 मध्ये गॅल झाउबरमन आणि जॉन लिंच या दोघांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना विचारलं होतं, की आज तुमच्याकडे मोकळा वेळ किती आणि महिन्याभरानं याच वारी किती असेल? महिन्याभरानं जास्त असेल, असं लोकांना वाटत होतं. पैशांच्या बाबतीत हा आशावाद बराच कमी होता. पुढचा महिना मोकळा दिसतो, कारण त्यातली कामं अजून वहीत उतरलेली नसतात. नकाराचा संकोच घालवायला दिलेली तारीख दोन महिन्यांनी तितकीच जड जाते.

हे ओळखायला एक साधी रीत आहे. यंदाच्या कोऱ्या एप्रिलकडे न पाहता गेल्या वर्षीचा एप्रिल उघडायचा. प्राध्यापिकाबाईंनी तेच केलं तर तिथे परीक्षेची कामं, दोन लग्नं आणि एक बैठक सापडते. यातलं काहीच जानेवारीत लिहिलेलं नव्हतं. मग त्या 18 एप्रिलचा शनिवार बाद करतात, कारण दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीया. गावात लग्नांची धामधूम असणार, खुर्च्या रिकाम्या राहणार. 25 एप्रिल टिकते. ती कॅलेंडरवर लिहिताना सहा ते साडेसात एवढीच न लिहिता दुपारपासून रात्रीपर्यंत लिहावी लागते, कारण जाण्यायेण्याचे तासही त्याच दिवसातून जातात.

वाचनालयाच्या बाजूनंही पाहायला हवं. भाषा दिनाचा कार्यक्रम एप्रिलमध्ये ढकलता येत नाही. त्यामुळे नुसतं ‘पुढच्या महिन्यात येते’ म्हणणं म्हणजे दिवाळीचा फराळ शिमग्याला पाठवण्यासारखं. पुढच्या तारखेसोबत तिला साजेसं निमित्तही द्यावं लागतं. पुस्तक दिन ते देतो. कार्यालयीन बैठकीला असं निमित्त लागत नाही. तिथे गूगल कॅलेंडरवरच्या निमंत्रणात Propose a new time हा पर्याय असतो, त्यातून दुसरी वेळ सुचवता येते. वाचनालयाच्या कार्यवाहांना मात्र चार ओळींचं पत्रच बरं.

आणि मुळात जायचंच नसेल तर? मग कॅलेंडरची ढाल पुढे करू नये. ‘तारखा भरल्या आहेत’ असं लिहिलं, की चिकाटीचे कार्यवाह उलट टपाली पाच तारखा पाठवतात आणि सहाव्यांदा सबब सापडत नाही. ‘या विषयावर मी बोलत नाही’ किंवा ‘यंदा बाहेरगावची व्याख्यानं घेत नाही’ हे खरं असेल तर तेच लिहावं, आणि पुढची तारीख देऊ नये. ‘पुढे कधीतरी नक्की’ हे तर अजिबात नको. ते वाक्य कुणी तरी लक्षात ठेवतं.

राहता राहिली 10 मार्चची मुदत. ती नसती, तर 25 एप्रिल अधांतरी राहिली असती: ना वाचनालयाची, ना दुसऱ्या कुणाची. कॅलेंडरवर त्या नोंदीपुढे प्रश्नचिन्ह टाकावं आणि 10 मार्चला आठवण लावावी. उत्तर आलं तर प्रश्नचिन्ह खोडायचं. नाही आलं तर 11 मार्चला एका ओळीची ईमेल पाठवून तारीख मोकळी केल्याचं कळवायचं, आणि नोंद पुसून टाकायची.