पुढची तारीख : विमा-प्रतिनिधीच्या साध्या नोंदवहीविषयी

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, तेव्हा एका कापड व्यापाऱ्याच्या गोदामातील माल भिजून गेला. त्या मालाचा विमा नव्हता. मात्र त्यांनी विम्याची चौकशी जूनमध्येच केली होती, आणि ती केली होती माझ्या भाच्याकडे. घरातील दुकानाची वाटणी झाल्यावर त्याने विम्याची एजन्सी घेतली होती. त्याने चौकशी कॅलेंडरच्या कडेला लिहून ठेवली, दोन दिवसांनी कोटेशनही तयार केले. फोन तेवढा राहून गेला. महिना उलटला, कॅलेंडरचे पान उलटले आणि नोंदही दिसेनाशी झाली. पूर ओसरल्यावर तो त्यांना भेटावयास गेला. ते एवढेच म्हणाले, "अरे, मी विसरलो होतो. तू तरी एक फोन करायचा होतास."

त्या रात्री तो माझ्याकडे आला. "मामा, चूक माझीच आहे. पण एवढ्या चौकशा लक्षात तरी कशा ठेवायच्या?" मी त्याला बँकेतील बिल्स खात्याची गोष्ट सांगितली. वसुलीसाठी आलेल्या प्रत्येक मुदती बिलाची नोंद आम्ही देय तारखेच्या डायरीत करीत असू. रोज सकाळी त्या दिवसाचे पान उघडायचे आणि त्यावरील बिले पाहायची, एवढाच नियम होता. लक्षात ठेवण्याचे काम माणसाकडे नव्हते, पानाकडे होते. तीच पद्धत आम्ही संगणकावरील एका शीटमध्ये उतरवली.

शीटमध्ये नऊच रकाने आहेत. A नाव, B फोन, C विमा कशाचा, D निर्णय कोणाचा, E टप्पा, F शेवटचे बोलणे, G पुढची तारीख, H पुढचे काम आणि I स्थिती. एका चौकशीला एक ओळ. टप्पे सहा ठेवले : विचारणा, माहिती मिळाली, कोटेशन वाचले, होकार, प्रीमियम भरला, पूर्ण. काम होणार नसेल तर 'बंद'. हे शब्द दरवेळी टाइप न करता यादीतून निवडावयाचे, म्हणजे लिहिण्यात फरक पडत नाही.

टप्पा केव्हा बदलावयाचा, यावर आमचे बराच वेळ बोलणे झाले. भाच्याची सवय अशी, की स्वतः काही केले की काम पुढे सरकले असे समजावयाचे. कोटेशन पाठवले, की त्याच्या लेखी एक पायरी झाली. मी नियम घातला, की ग्राहकाने काही केले तरच टप्पा बदलेल. म्हणून टप्प्याचे नाव 'कोटेशन पाठवले' असे नाही, 'कोटेशन वाचले' असे आहे. ग्राहक आकड्याविषयी काही विचारीत नाही तोवर ओळ 'माहिती मिळाली' याच टप्प्यावर राहते. 'होकार' म्हणजे प्रस्तावपत्रावर सही. आणि विमा कंपनीकडे प्रीमियम पोहोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, म्हणून होकार व प्रीमियम हे दोन टप्पे वेगळे ठेवले.

दुसरा नियम तारखेचा. कोणतेही बोलणे संपताना पुढची तारीख ठरलीच पाहिजे, आणि शक्यतो ती ग्राहकाच्या तोंडून यावी. "बघू" हे उत्तर आले, तर "मग सोमवारी फोन करू का?" असे तिथल्या तिथे विचारावे. शेवटच्या रकान्यात दुसऱ्या ओळीपासून पुढील सूत्र घातले :

```
=IF(OR(E2="पूर्ण",E2="बंद"),"",IF(G2="","तारीख नाही",IF(G2<TODAY(),"थकीत",IF(G2=TODAY(),"आज",""))))
```

सकाळी शीट उघडून 'थकीत' आणि 'आज' एवढ्याच ओळी गाळून पाहावयाच्या. 'तारीख नाही' असे दिसले, तर ती कॅलेंडरच्या कडेवरील नोंदच समजावी.

येथे एक खोच आहे. तारीख शीटला समजेल अशा रूपात टाइप झाली नाही, तर ती साधा मजकूर म्हणून राहते. मग ती ओळ कधीच 'थकीत' दाखवीत नाही आणि चूकही दाखवीत नाही. रकाना निमूट रिकामा राहतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. खरी तारीख आपोआप रकान्याच्या उजव्या कडेला जाते, मजकूर डाव्या कडेला राहतो. डावीकडे दिसणारी तारीख पुन्हा टाइप करावी.

गेल्या वर्षातील एक ओळ पाहू. 3 जून 2025, मंगळवार : मार्केट यार्डातील एका धान्य व्यापाऱ्याची गोदामाच्या विम्याबद्दल विचारणा. पुढची तारीख 4 जून, काम 'मालाचा आकडा मागणे'. 4 तारखेला उत्तर आले, "मुनीमजी सोमवारी येतील." टप्पा तोच, तारीख 9 जून. त्या दिवशी बँकेला दिलेले स्टॉक स्टेटमेंट मिळाले. टप्पा 'माहिती मिळाली'. 11 तारखेला कोटेशन दिले. त्यांनी ते वाचून प्रीमियमबद्दल विचारले आणि म्हणाले, "मोठ्या भावाला विचारतो, ते शुक्रवारी गावाहून येतात." टप्पा 'कोटेशन वाचले', चौथ्या रकान्यात 'मोठे भाऊ', तारीख 14 जून. एकत्र कुटुंबाच्या पेढीत विचारणारा एक आणि ठरविणारा दुसरा असतो. तो रकाना यासाठीच आहे. 14 तारखेला थोरल्या भावासमोरच बोलणे झाले आणि सही मिळाली. 16 ला प्रीमियम भरला. 18 ला पॉलिसी हाती आली.

येथे ओळ 'पूर्ण' करण्याचा मोह होतो. भाच्याने आधी पॉलिसी वाचली, तर गोदामाऐवजी दुकानाचा पत्ता पडलेला. पुढे नुकसान झाले असते, तर दाव्यात वाद उभा राहिला असता. पत्ता, विम्याची रक्कम आणि कर्ज असल्यास बँकेचे नाव, या तीन गोष्टी तपासल्यावरच 'पूर्ण'. दुरुस्ती होऊन 20 जूनला ओळ पूर्ण झाली आणि त्याच वेळी नवी ओळ उघडली. मुदत 15 जून 2026 पर्यंत, म्हणून नूतनीकरणाची तारीख 45 दिवस आधीची, 1 मे 2026.

तीन ठरलेल्या तारखांना प्रतिसाद आला नाही, तर सरळ विचारावे, "यंदा नको असेल तर तसे सांगा, मी पुन्हा त्रास देणार नाही." ओळ बंद करताना कारण लिहावे. काही ओळींत 'कमिशनमधून सूट मागितली' असे कारण आहे. 1938 च्या विमा कायद्याचे कलम 41 अशी सूट देण्यास मनाई करते, म्हणून त्या ओळी बंद झाल्याची खंत भाच्याला नाही. दुसरीकडे विमा असेल, तर त्याची मुदत विचारून पुढील वर्षाची ओळ घालावी.

तारखा घालताना आपल्या लोकांचे दिवस सांभाळावेत. पर्युषण पर्वाच्या दहा दिवसांत व्यवहाराचा फोन नको, आणि सूर्यास्तापूर्वी घरी जेवणाची घाई असते तेव्हाही नको. मात्र "पर्वानंतर बोलू" असे लिहून थांबू नये. पर्वानंतरची नेमकी तारीख घालावी.

दोन महिन्यांनी आम्ही टप्पे मोजले. चालू 23 ओळींपैकी 9 'विचारणा' याच टप्प्यावर अडल्या होत्या. लोकांना विमा नको नव्हता. मालाचा आकडा काढून पाठविण्याचा कंटाळा होता. तेव्हापासून भाचा आकडा फोनवर मागत नाही. दुपारी गिऱ्हाईक कमी असते तेव्हा स्वतः पेढीवर जाऊन बसतो आणि मुनीमजींकडून लिहून घेतो.

2019 मधल्या त्या कापड व्यापाऱ्यांचे नाव शीटच्या पहिल्या ओळीत आहे. त्यांच्या गोदामाचा विमा आता दरवर्षी होतो, आणि मुदतीच्या 45 दिवस आधी भाचा त्यांना फोन करतो.