३६० पिक्सेलमधलं पुस्तकाचं दुकान

दिवाळी जवळ आली की पुस्तकांची दुकानं आपल्या नेहमीच्या ग्राहकांना ईमेल पाठवतात. कोणते अंक आले, किंमत किती, संच घेतला तर सवलत किती, एवढाच त्यातला मजकूर. पण तो पुष्कळदा पोस्टरच्या रूपात येतो. काचेवर लावायला आणि व्हॉट्सॲपवर टाकायला जे चित्र केलं, तेच ईमेलमध्ये चिकटवलेलं असतं. दुकानातल्या संगणकावर ते झकास दिसतं, ग्राहकाच्या फोनवर मात्र किंमतसुद्धा वाचता येत नाही.

कारण साध्या भागाकाराचं आहे. पोस्टरची रुंदी १०८० पिक्सेल असते. बऱ्याच अँड्रॉइड फोनचा पडदा ईमेलच्या मांडणीसाठी ३६० पिक्सेल रुंद धरला जातो, मग त्यावर प्रत्यक्ष ठिपके कितीही असोत. म्हणजे चित्र एक तृतीयांश होतं, आणि पोस्टरवर ३० पिक्सेलमध्ये लिहिलेली किंमत १० पिक्सेलची उरते. शिवाय जुनं आउटलुक चित्रं उतरवण्याआधी परवानगी विचारतं. ग्राहकाने ती दिली नाही, तर त्याच्यासमोर कोरी चौकट येते.

म्हणून टेम्प्लेटची सुरुवात चित्रापासून न करता या ३६० पिक्सेलपासून करायची. समजा, एका दुकानाला सहा दिवाळी अंकांची माहिती पाठवायची आहे. बाहेरच्या चौकटीला जास्तीत जास्त ६०० पिक्सेलची मर्यादा घालायची, म्हणजे संगणकावर ओळी अवाच्या सवा लांब होत नाहीत. फोनवर तीच चौकट पडदाभर बसते. दोन्ही कडांना १६-१६ पिक्सेल मोकळे सोडले की मजकुराला ३२८ उरतात.

या ३२८ मध्ये दोन अंक शेजारी शेजारी बसवायचा मोह होतो. पण मधली फट धरून प्रत्येकाला १५६ पिक्सेल मिळतात. तेवढ्या जागेत ओळीत दोन-तीन शब्दच मावतात आणि संपादकाचं नाव मध्येच तुटतं. उलट प्रत्येक मुखपृष्ठ पडदाभर केलं, तर सहाव्या अंकापर्यंत जायला ग्राहकाला बराच वेळ बोट फिरवावं लागतं. मधला मार्ग असा, की एका ओळीत एकच अंक ठेवायचा. डावीकडे १२० पिक्सेलचं मुखपृष्ठ, उजवीकडच्या १९२ पिक्सेलमध्ये अंकाचं नाव, किंमत आणि बटण. दोन-तीन वाक्यांची ओळख या दोन्हींच्या खाली, पूर्ण रुंदीत. ही मांडणी छोट्या-मोठ्या पडद्यासाठी वेगळे नियम न लिहिताही टिकते. ते महत्त्वाचं आहे, कारण जीमेलच्या ॲपमध्ये दुसऱ्या कंपनीचं खातं जोडलेलं असेल, तर असे नियम तिथे लागू होत नाहीत.

अक्षरं १६ पिक्सेलची ठेवावीत. इंग्रजीसाठी बनवलेल्या तयार टेम्प्लेटमध्ये ओळींतलं अंतर अक्षराच्या सव्वापट-दीडपट असतं. देवनागरीत वेलांटी आणि रफार वर जातात, उकार खाली उतरतो, त्यामुळे तिथे दोन ओळी एकमेकींना टेकतात. १६ पिक्सेलच्या अक्षराला २६ पिक्सेलची ओळ दिली की मजकूर मोकळा होतो. सुलेखनाच्या खास फॉन्टचा मात्र नाद सोडावा. जीमेल बाहेरून फॉन्ट उतरवत नाही, फोनमध्ये जो आहे तोच वापरतं. दुकानाचं वळणदार नाव हवंच असेल, तर तेवढंच चित्र म्हणून घालावं, आणि त्यामागे रंगीत पट्टी भरावी. पारदर्शक पार्श्वभूमीवरची काळी अक्षरं फोनच्या डार्क मोडमध्ये दिसेनाशी होतात.

आता मुखपृष्ठं. प्रकाशकाकडून येणारी फाइल छपाईसाठी केलेली असते, ती सहज दोन एमबीची भरते. ईमेलमध्ये तिची रुंदी १२० लिहिली, तरी फाइल तेवढीच राहते आणि ग्राहकाचा फोन ती पूर्ण उतरवतो. सहा अंकांचे झाले १२ एमबी. दोन एमबीपीएसच्या रडतखडत जोडणीवर त्याला ४८ सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ कोणी थांबत नाही. त्याऐवजी चित्र आधीच लहान करून ठेवायचं. फोनचे पडदे दाट ठिपक्यांचे असल्याने दाखवायच्या रुंदीच्या दुप्पट, म्हणजे २४० पिक्सेल पुरतात. जेपेगमध्ये अशी फाइल साधारण २० केबीची होते. सहांचे मिळून १२० केबी, आणि त्याच जोडणीवर अर्धा सेकंद. इतक्या लहान आकारात मुखपृष्ठावरची बारीक अक्षरं वाचता येत नाहीत, पण त्याची गरजही नसते. अंक ओळखू यावा, एवढंच मुखपृष्ठाचं काम. नाव आणि किंमत शेजारी मजकुरात असतेच.

बटणाचं माप बोटावरून ठरतं. ॲपलच्या सूचनांत ते किमान ४४ आहे, अँड्रॉइडच्या सूचनांत ४८. इथे ओळीची उंची २४ धरून वर-खाली १२-१२ पिक्सेल सोडले, की ४८ होतात. बटणाचं चित्र करू नये. चित्रं बंद असली की बटणही नाहीसं होतं. रंगवलेल्या चौकटीत साधा दुवा ठेवला की काम होतं:

```html
<td bgcolor="#8a1c1c" style="border-radius:6px">
 <a href="https://example.com/ank1"
  style="display:inline-block;padding:12px 24px;
  font-size:16px;line-height:24px;
  color:#ffffff;text-decoration:none">अंक मागवा</a>
</td>
```

मजकूर हलका म्हणून कितीही लिहावा, असंही नाही. चित्रं वगळून पत्राचा एचटीएमएल मजकूर साधारण १०२ केबीच्या पुढे गेला, तर जीमेल तो तिथेच कापतं आणि उरलेलं पाहण्यासाठी दुवा देतं. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावतं, देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन घेतं, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. काही साधनं तर ‘क’ ऐवजी `&#2325;` असा संकेत लिहितात, तो सात बाइटचा. सहा अंकांच्या पत्राला याचा काहीच त्रास नाही. पण दुकानाने दीडशे अंकांची अख्खी यादी घातली आणि प्रत्येकाला मजकूर व मांडणी धरून अडीच केबी लागले, तर पत्र पावणेचारशे केबीवर जातं. कापलेल्या भागात जातो तो नेमका तळाशी असलेला ‘हे पत्र नको’ हा दुवा. तो सापडला नाही, की वैतागलेला ग्राहक सरळ स्पॅमचं बटण दाबतो. असे बरेच निघाले, तर पुढची पत्रं इतरांच्याही स्पॅममध्ये जाऊ लागतात. म्हणून पत्रात निवडक सहा अंक द्यावेत आणि पूर्ण यादीचा दुवा संकेतस्थळाकडे न्यावा.

तयार टेम्प्लेट पाठवण्याआधी स्वतःच्या फोनवर मागवून पाहावं. आधी जीमेलमध्ये अगदी तळापर्यंत जावं, पत्र कापलं गेलं असेल तर तिथे कळतं. मग फोन एका हातात धरून अंगठ्याने तिसऱ्या अंकाचं बटण दाबावं. चौथा अंक उघडला, तर बटणांमध्ये अंतर कमी आहे. शेवटी मेलच्या सेटिंगमध्ये चित्रं बंद करून तेच पत्र पुन्हा उघडावं. मुखपृष्ठांच्या जागी प्रत्येक अंकाचं नाव पर्यायी मजकूर म्हणून दिसायला हवं, किंमत जागेवर असायला हवी आणि बटण चालायला हवं. एकही चित्र न पाहता अंक मागवता आला, तर टेम्प्लेट पाठवायला हरकत नाही.