आकडा वाचला, वाक्य राहिलं

माझा भाचा जर्मनीत आखेनला शिकतो. जाताना त्याने आपलं भारतातलं सिमकार्ड एका जुन्या फोनमध्ये घालून तो फोन सांगलीत माझ्या टेबलावर ठेवला. इथल्या बँकेचे ओटीपी चुकू नयेत, एवढाच हेतू. महिन्याभराने एका संध्याकाळी त्या फोनवर जर्मन भाषेत मेसेज आला. मला त्यातले सहा आकडे तेवढे कळले. पाठोपाठ त्याचा व्हिडिओ कॉल आला, “मामा, मेसेज आला का बघा ना. नंबर सांगा फक्त.” मी सांगितला. बाकीचं वाक्य काय होतं, ते मी विचारलंही नाही.

तो तिकडे गुगल वॉलेटमध्ये बँकेचं कार्ड घालत होता. आपल्याकडे फोनने पैसे देणं म्हणजे क्यूआर कोड आणि यूपीआय. तिकडे दुकानातल्या मशीनला फोनची पाठ टेकवायची आणि पैसे कार्डातून जायचे. आपल्याकडे गुगल वॉलेट मे 2024 मध्ये आलं, पण ते तिकिटं आणि पास ठेवण्यापुरतं. त्यामुळे वॉलेटमध्ये बँकेचं कार्ड घालण्याचे टप्पे आपल्यातल्या अनेकांना परदेशी गेल्यावरच पहिल्यांदा दिसतात, आणि तेही तिथल्या भाषेत.

भाच्याने जर्मन शिकण्याच्या हट्टाने फोनच जर्मनमध्ये ठेवला होता. फोनची भाषा बदलली की वॉलेटची भाषाही बदलते, हे त्याला माहीत होतं. पण बँकेच्या अटी आणि बँकेचे मेसेज त्याने बदलत नाहीत. ते बँक ज्या भाषेत पाठवते त्याच भाषेत येतात.

पडद्यांचा क्रम मात्र कोणत्याही भाषेत जवळपास सारखाच असतो. आधी अधिकच्या खुणेचं बटण, म्हणजे जर्मनमध्ये Hinzufügen, ‘भर घाला’. मग कार्डाचा प्रकार. मग कॅमेरा कार्ड वाचतो किंवा आकडे हाताने भरायचे. Gültig bis म्हणजे ‘या महिन्यापर्यंत चालू’. तिथे MM/JJ असं दिसतं. यातला J म्हणजे Jahr, वर्ष. कार्डाच्या मागचे तीन आकडे Prüfnummer या चौकटीत जातात. Karteninhaber म्हणजे कार्डधारक. इथे आपल्या लोकांची गल्लत होते, कारण पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे असतं आणि कार्डावर ते कधी आद्याक्षरावर येतं, कधी गळतं. पासपोर्ट बाजूला ठेवून कार्डावर छापलंय तसंच लिहावं. पत्ता मात्र बँकेकडे नोंदवलेलाच द्यावा. PLZ हा तिथला पाच आकडी पिनकोड.

एवढं भरलं की अटींचं पान येतं आणि खाली Akzeptieren, ‘मान्य’. इथपर्यंत भाषा हीच अडचण होती आणि ती दुसऱ्या फोनवरच्या भाषांतराच्या अ‍ॅपने सुटते. फक्त कार्डाचे आकडे भरण्याआधी फोटो काढावा, भरल्यावर नाही.

पुढचा टप्पा वेगळा आहे. ‘मान्य’ दाबल्यावर गुगल ती माहिती कार्डाच्या कंपनीमार्फत बँकेकडे पाठवतं. बँक तीनांपैकी एक उत्तर देते: हो, नाही, किंवा ‘आधी हा माणूस तोच आहे का ते दाखवा’. या तीन वाटांना त्या धंद्यात सिग्नलचे रंग आहेत, हिरवी, लाल आणि पिवळी. लाल उत्तर आलं तर कितीही भाषांतर करून उपयोग नाही. ते कार्ड वॉलेटमध्ये चालतं का, हे बँकेलाच विचारावं लागतं. भाच्याला पिवळा रंग मिळाला.

पिवळ्या वाटेवर ओळख पटवण्याचे पर्याय दिसतात: एसएमएस, ईमेल, बँकेचं अ‍ॅप किंवा बँकेला फोन. कोणते मिळतील ते बँक ठरवते. एसएमएसच्या पर्यायासमोर मोबाइल नंबर ठिपक्यांनी झाकलेला असतो आणि शेवटचे काही आकडे उघडे ठेवलेले असतात. साऱ्या परक्या पानावर कुणालाही वाचता येईल अशी ही एकच गोष्ट, आणि नेमकी तीच भाच्याने पाहिली नाही. खातं त्याने भारतातूनच उघडलं होतं, इथला नंबर देऊन. त्यामुळे आखेनमधला कोड सांगलीत आला. पहिला कोड त्याची वाट बघताबघता मुदतीबाहेर गेला. दुसरा मी सांगितला आणि कार्ड चालू झालं.

ते झालं हे कसं ओळखायचं? कार्डाच्या चित्रावरची ‘पडताळणी बाकी’ अशी सूचना जाते. पण खरी खूण पहिल्या पावतीवर दिसते. तिथले शेवटचे चार आकडे प्लास्टिकच्या कार्डाशी जुळत नाहीत. भाचा आधी घाबरला. पण फोनमध्ये कार्डाचा खरा क्रमांक ठेवलेलाच नसतो. त्याऐवजी त्या फोनपुरता दुसरा क्रमांक दिलेला असतो, त्याला टोकन म्हणतात. फोन हरवला तर बँक तेवढा टोकन बंद करू शकते, प्लास्टिकचं कार्ड चालू राहतं.

आता त्या मेसेजकडे परत येऊ. अशा मेसेजचा साचा साधारण असा असतो:

```
Ihr Code zum Hinzufügen Ihrer Karte zu Google Pay:
482913. Bitte nicht weitergeben.
```

पहिली ओळ सांगते, ‘तुमचं कार्ड गुगल पेमध्ये घालण्याचा कोड’. दुसरी सांगते, ‘कृपया कुणाला देऊ नका’. गंमत अशी की Weiter हा शब्द भाच्याने त्या संध्याकाळी चार-पाच वेळा दाबला होता. बटणावर त्याचा अर्थ ‘पुढे’. मेसेजमध्ये तोच शब्द weitergeben, म्हणजे ‘पुढे देणं’, असा येतो आणि त्याच्या आधी nicht, ‘नको’. बटणांची सवय झालेला डोळा तेवढाच ओळखीचा तुकडा पकडतो आणि नकार सोडून देतो.

चोर नेमक्या याच जागेवर टपलेले असतात. कार्डाचे आकडे त्यांनी पार्सलच्या खोट्या मेसेजने आधीच काढून घेतलेले असतात. मग ते तुमचं कार्ड स्वतःच्या फोनच्या वॉलेटमध्ये घालायला लागतात. बँक पिवळं उत्तर देते, कोड तुमच्याकडे येतो. त्याच वेळी ‘बँकेतून बोलतोय’ असा फोन येतो: तुमच्या खात्यातून चुकीची रक्कम जातेय, थांबवायला आलेला नंबर सांगा. माणूस आकडा वाचून दाखवतो. रक्कम थांबत नाही, उलट कार्डाची एक जोड चोराच्या खिशात तयार होते. पुढे प्रत्येक खरेदीला तो कोड लागत नाही, फक्त चोराच्या फोनचं कुलूप उघडावं लागतं.

मी सांगितलेला कोड योग्य जागी गेला, कारण समोर माझाच भाचा होता, दिसत होता, आणि कोड त्यानेच मागवला होता. तरी ती पद्धत बरी नव्हती. वॉलेट उघडण्याआधी बँकेत आपला जर्मन नंबर नोंदवायला हवा होता, किंवा पडताळणीला बँकेचं अ‍ॅप निवडायला हवं होतं. पुढच्या आठवड्यात त्याने नंबर बदलून घेतला.

जुना फोन अजून माझ्या टेबलावर आहे. त्याच्या मागे मी एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर तीनच शब्द: Hinzufügen आणि nicht weitergeben. हे शब्द असलेला मेसेज आला आणि भाच्याने आधी कळवलेलं नसलं, तर आकडा कुणालाही सांगायचा नाही, त्यालाच फोन करायचा.