छायाचित्रातले तारे खरे वाटण्यासाठी

निरभ्र रात्रीच्या छायाचित्रात तारे नंतर भरताना नेहमीची चूक म्हणजे सगळे ठिपके जवळपास सारखेच तेजस्वी ठेवणे. खऱ्या आकाशात एका प्रतीने मंद तारे सुमारे तिप्पट असतात, आणि प्रत्येक प्रतीला तेज अडीचपट घटते.

समजा, चित्रात 300 तारे हवे आहेत. त्यांतले 200 सर्वांत मंद, मग 67, 22, 8 आणि शेवटी फक्त 3 ठळक. या पाच पायऱ्यांत सर्वांत मंद तारा ठळक ताऱ्याच्या चाळिसाव्या भागाइतका उजळ ठरतो. इथे एक खाच आहे. 255 ला सरळ 40 ने भागले तर 6 उरतात आणि तारा दिसतच नाही. पडद्यावरचे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसल्यामुळे योग्य आकडा 44 च्या आसपास येतो. ठिपके मात्र स्वैर विखुरलेलेच हवेत. सारखे अंतर राखले की जाळी दिसू लागते.

रंगांबाबत संयम हवा. चित्रा निळसर, स्वाती नारिंगी, ज्येष्ठा तांबूस असली, तरी या छटा फिक्याच असतात. त्यातही कॅमेऱ्यात ठळक ताऱ्याचा मध्य पांढरा पडतो आणि रंग त्याच्या कडेच्या पुसट वलयात उरतो. म्हणून गाभा पांढरा ठेवून रंग वलयालाच द्यावा. मंद ताऱ्यांत रंग जवळजवळ नकोच. क्षितिजाजवळ हवेचा थर जाड असल्याने तिथले तारे कमी, मंद आणि किंचित पिवळट ठेवावेत.