ईमेलचा छापील कागद कोर्टात कसा टिकतो

ईमेलची छापील प्रत म्हणजे मूळ ईमेल नव्हे. मूळ नोंद कुठल्या तरी सर्व्हरवर असते, कागद ही तिची प्रत. प्रत पुरावा म्हणून कधी घ्यायची, हे भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मध्ये सांगितले आहे. १ जुलै २०२४ पूर्वी हेच काम जुन्या साक्ष कायद्याचे कलम ६५-ब करत असे.

समजा, इचलकरंजीच्या एका कापड व्यापाऱ्याचे मुंबईतल्या कंपनीकडून ४२ लाख रुपये येणे आहे. कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याने ‘बाकी मान्य आहे, दिवाळीनंतर भरतो’ असा ईमेल पाठवला होता. दिवाळी उलटून गेली, पैसे आले नाहीत आणि व्यापारी वाणिज्य न्यायालयात गेला. त्याचा सगळा भरवसा त्या एका ओळीवर आहे.

पहिले काम म्हणजे ईमेल नीट जतन करणे. स्क्रीनशॉटमध्ये फक्त दिसणारा मजकूर येतो. वकिलाला फॉरवर्ड केलेल्या ईमेलला स्वतःचा नवा हेडर लागतो आणि जुन्या ईमेलच्या प्रवासाची नोंद गळून पडते. म्हणून जीमेलमधल्या Show original या पर्यायातून मूळ ईमेल .eml फाइल म्हणून उतरवून घ्यावा. मग त्या फाइलचे हॅश मूल्य काढावे. विंडोजवर त्याची आज्ञा अशी:

```
certutil -hashfile baki.eml SHA256
```

उत्तरादाखल ६४ अक्षरांची एक मालिका मिळते. फाइलचे नाव बदलले तरी ती तशीच राहते. आत एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ती पूर्ण वेगळी येते.

हे मूल्य प्रमाणपत्रात लिहायचे असते. नव्या कायद्याच्या अनुसूचीत प्रमाणपत्राचा नमुना दिला आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. ‘अ’ भाग संगणक किंवा ते काम ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा. इथे तो माणूस म्हणजे ईमेल खाते रोज हाताळणारा हिशेबनीस. मालकाला खात्यातले काहीच ठाऊक नसेल आणि सही मात्र त्याची असेल, तर उलटतपासणीत तो अडकतो. ‘ब’ भागावर तज्ज्ञाची सही लागते. तज्ज्ञ कोणाला म्हणायचे याची व्याख्या कलम ६३ मध्ये नाही, त्यामुळे तिथे हरकत येणार हे धरून चालावे. शिवाय वाणिज्य दाव्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ प्रमाणे शपथेवर निवेदनही द्यावे लागते: ईमेल खाते कोणाचे, ते कोण वापरते, प्रत कधी आणि कशावरून काढली.

प्रमाणपत्रच नाही, ही सर्वांत जड हरकत. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा खटला झाला. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाले का, हे दाखवणारे चित्रीकरण निवडणूक कार्यालयाकडे होते, पण मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवले की प्रमाणपत्र आवश्यकच आहे आणि तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र नोंद दुसऱ्याच्या ताब्यात असेल आणि पक्षकाराने कोर्टाकडे अर्ज करण्यासह सर्व प्रयत्न केले असतील, तर त्याला सूट मिळते. लॅपटॉपचा मालक स्वतः साक्षीला उभा राहून मूळ नोंद असलेला लॅपटॉपच हजर करत असेल, तर प्रमाणपत्र लागत नाही. सर्व्हर परदेशात असलेल्या ईमेलला ही सोय अर्थात उपयोगाची नाही.

प्रमाणपत्राने कागद आत येतो, तेवढेच. ‘हा ईमेल आमच्या माणसाने लिहिलाच नाही’ ही हरकत त्यानंतरही उरते. पोहोचलेला संदेश पाठवताना भरलेल्या मजकुराशी जुळतो असे कोर्ट कलम ९० खाली गृहीत धरू शकते, पण तो कोणी पाठवला याबद्दल काहीही गृहीत धरता येत नाही. ते व्यापाऱ्याला आजूबाजूच्या गोष्टींवरून दाखवावे लागते. त्याच पत्त्यावरून आधीच्या खरेदी ऑर्डर आल्या होत्या का? त्या ऑर्डरचा माल पोहोचल्याच्या पावत्या आहेत का? ईमेलनंतर कंपनीने बाकीपोटी काही रक्कम बँकेत भरली का? अशी एखादी रक्कम बँकेच्या उताऱ्यात सापडली, तर पाच साक्षीदारांपेक्षा तिचे वजन जास्त. कंपनीलाही आदेश ११ प्रमाणे नुसते ‘नाकबूल’ म्हणून भागत नाही, कारणे द्यावी लागतात.

हरकतीला वेळही असते. प्रमाणपत्र नसल्याची हरकत पुराव्याच्या पद्धतीबद्दलची आहे, म्हणून कागदाला निशाणी क्रमांक पडतानाच ती घ्यायला हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या सोनू विरुद्ध हरियाणा राज्य या निकालात म्हटले. त्या वेळी आक्षेप आला असता, तर उणीव भरून काढायची संधी समोरच्याला मिळाली असती, हे त्यामागचे कारण. त्यामुळे त्या दिवशी गप्प राहिलेल्या कंपनीला अपिलात हा मुद्दा पहिल्यांदा उकरून काढता येत नाही. मजकूर खरा की खोटा, हा वाद मात्र तिला पुढेही घालता येतो.