सात रकाने आणि एक रेघ

तालुक्याच्या गावातली एखादी लॅब डोळ्यांसमोर आणा. सकाळचे साडेसात वाजलेत. ६२ वर्षांच्या काकू साखर तपासायला आल्या आहेत. "उपाशीपोटी आलात ना?" काउंटरवरची मुलगी विचारते. "हो तर! नुसता अर्धा कप चहा घेतलाय," काकू सांगतात. "मग आज नाही जमणार. उद्या या." रिक्षाचे पैसे गेले, मुलाची अर्ध्या दिवसाची रजा गेली आणि काकूंचा आवाज चढला.

लॅबचे मालक म्हणतील, काउंटरवर फार भांडणं होतात, मुलीला जरा गोड बोलायला शिकवलं पाहिजे. पण हीच सकाळ भिंतीवरच्या लांबलचक कागदावर मांडली, की दोष वेगळ्याच जागी दिसायला लागतो. अशा कागदाला सेवा-व्यवसायात 'कस्टमर जर्नी मॅप' म्हणतात. एका माणसाचा एका कामासाठी झालेला प्रवास, डावीकडून उजवीकडे, एकाच आडव्या पट्टीवर.

साहित्य साधंच लागतं. दोन-तीन मीटर खाकी कागद, चिकटणाऱ्या रंगीत चिठ्ठ्या आणि जाड पेन. कागद आडवाच लावायचा, कारण आडवी दिशा म्हणजे वेळ. वरच्या कडेला टप्प्यांची नावं लिहून उभे रकाने पाडायचे.

पहिली चूक इथेच होते. लॅबवाल्यांना टप्पे विचारले तर ते 'नोंदणी, नमुना, तपासणी, अहवाल' असं सांगतात. ही त्यांच्या टेबलांची नावं झाली. काकूंचा प्रवास आदल्या दिवशी दवाखान्यात सुरू होतो. त्यामुळे त्यांचे रकाने सात पडतात: डॉक्टरांची चिठ्ठी, आदली रात्र, लॅबचा काउंटर, पहिली सुई, मधले दोन तास, दुसरी सुई आणि हातात रिपोर्ट. यातले निम्मे रकाने लॅबच्या दाराबाहेरचे आहेत.

आता आडव्या ओळी. पहिल्या ओळीत काकू काय करतात ते. दुसरीत त्यांची गाठ कुणाशी किंवा कशाशी पडते: चिठ्ठी, फोन, पाटी, काउंटर. तिसरीत त्यांच्या मनात काय येतं, तेही त्यांच्याच शब्दांत. 'सूचनांबाबत संभ्रम' असं लिहायचं नाही. 'रात्रीची गोळी घ्यायची का नाही, कुणाला विचारू?' असं लिहायचं. चौथ्या ओळीत भावनेची रेघ आणि तिच्याखाली, पाचव्या ओळीत, खुपणाऱ्या जागा. सहावी ओळ उपायांची. ती सुरुवातीला मुद्दाम कोरी ठेवतात.

भावनेची रेघ काढणं सोपं आहे. ओळीच्या मधोमध एक फिकट रेघ मारायची. मन निवांत असेल तिथे ठिपका तिच्या वर, त्रास झाला तिथे खाली. मग ठिपके जोडायचे. काकूंची रेघ चिठ्ठीपाशी जेमतेम मध्यावर असते, रात्री थोडी खाली जाते आणि काउंटरवर थेट तळाला आदळते. दुसऱ्या दिवशी सुई टोचताना ती चक्क वर येते. रक्त घेणाऱ्याचा हात हलका आहे. लॅबला ज्या टप्प्याची सर्वात जास्त काळजी होती, तो काकूंना सर्वात कमी खुपला.

पट्टीचा खरा उपयोग यानंतर होतो. रेघ जिथे तळाला गेली तिथे बोट ठेवायचं आणि ते डावीकडे सरकवत न्यायचं. काउंटरवरचं भांडण तिसऱ्या रकान्यात झालं, पण त्याचं बी पहिल्या रकान्यात आहे. चिठ्ठीवर 'उपाशीपोटी' एवढंच लिहिलं होतं. काकूंच्या घरात उपास म्हणजे चहा चालतो, एकादशीलासुद्धा चालतो. आठ तास साध्या पाण्याशिवाय काहीही नाही, चहा-दूधही नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे उपाय काउंटरवरच्या मुलीच्या बोलण्यात नाही, चिठ्ठीवरच्या एका ओळीत आणि आदल्या संध्याकाळच्या एका फोनमध्ये आहे.

पाचव्या रकान्यातही तेच. जेवणानंतरची साखर बघण्यासाठी दुसरा नमुना साधारणपणे जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी घेतात. काकूंना कुणीतरी घाईत सांगितलं, "खाऊन दोन तासांनी या." त्यांनी जेवण संपल्यापासून मोजलं. शिवाय डबा बरोबर होता, पण बसून खायला जागा नव्हती. समोरच्या देवळाच्या ओट्यावर त्यांनी पोळीभाजी खाल्ली. लॅबच्या वहीत या दोन तासांची नोंद शून्य. पट्टीवर मात्र हाच सर्वात रुंद रकाना. पावतीवर 'पहिला घास' आणि 'परत या' अशा दोन वेळा हाताने लिहून दिल्या, तर निम्मा गोंधळ मिटतो.

शेवटच्या रकान्यात आणखी एक खड्डा आहे. संध्याकाळी रिपोर्ट मुलाच्या मोबाइलवर येतो. एक आकडा ठळक अक्षरांत छापलेला. डॉक्टर आता उद्याच भेटणार. लॅबच्या लेखी काम संपलं आणि काकूंची झोप उडाली.

या पद्धतीचा एक गाजलेला नमुना 2011 चा आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅडॅप्टिव्ह पाथ या डिझाइन संस्थेने 'रेल युरोप' साठी तो केला होता. ही कंपनी युरोपातल्या रेल्वेची तिकिटं परदेशी पर्यटकांना विकते. पट्टीवर तिकीट काढण्याचा टप्पा होताच, पण तिकीट काढल्यानंतर आणि गाडीत बसण्याआधीचा काळही वेगळा रकाना म्हणून मांडला होता. कागदी तिकिटं टपालाने घरी येईपर्यंतची धाकधूक त्यात दिसत होती. विक्रीच्या हिशेबात हा काळ कुठेच धरला जात नाही.

अशी पट्टी फसते तीही ठरावीक ठिकाणी. बंद खोलीत बसून, एकाही ग्राहकाला न भेटता ती भरली की मालकाला जे आधीच वाटत होतं तेच कागदावर उमटतं. म्हणून आधी पाच-सहा जणांबरोबर दवाखान्यापासून रिपोर्टपर्यंत प्रत्यक्ष जावं लागतं. जे नुसतं अंदाजाने लिहिलं त्याची चिठ्ठी वेगळ्या रंगाची ठेवतात. दुसरा घोटाळा सरासरीचा. काकू आणि नोकरीच्या तपासणीला आलेला पंचविशीतला मुलगा एकाच पट्टीवर घातले, तर एकाचा चढ दुसऱ्याच्या उतारात बुडतो आणि रेघ सपाट होते. दोघांना दोन पट्ट्या हव्यात. तिसरा घोटाळा भाषेचा: खुपणाऱ्या जागेत 'अ‍ॅप नाही' असं लिहिलेलं सापडतं. तो आधीच ठरवून टाकलेला उपाय आहे. खुपतं ते असं: 'परत कधी यायचं ते कळलं नाही.'

पडद्यामागे काय चाललंय, हेही ही पट्टी दाखवत नाही. त्यासाठी लिन शोस्टॅक यांनी 1984 मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू' मध्ये सेवेचा आराखडा मांडला. त्यांनी उदाहरण घेतलं बूटपॉलिशवाल्याचं. ग्राहकाला दिसतं ते एका आडव्या रेषेच्या वर आणि पॉलिश विकत आणण्यासारखं न दिसणारं काम रेषेच्या खाली, अशी त्यांची मांडणी होती. काकूंचा रिपोर्ट उशिरा का आला, याचं उत्तर त्या रेषेखाली शोधावं लागतं.

शिवाय रेघेची खोली म्हणजे मोजमाप नव्हे. काकू चिडल्या हे ती सांगते. अशा किती काकू आहेत, हे सांगत नाही. त्यासाठी काउंटरवर एक वही लागते. पंधरा दिवस, 'चहा घेऊन आले' म्हणून परत पाठवलेल्या प्रत्येक माणसामागे एक उभी काडी. मग चिठ्ठीवर ती एक ओळ छापायची आणि पुढचे पंधरा दिवस पुन्हा काड्या मोजायच्या.