लाइव्हवर साडीची किंमत कधी सांगावी?

लाइव्ह विक्रीत किंमत लांबवली की बघणारी बाई कंटाळते, आणि पहिल्याच वाक्यात सांगितली तर आकडा ऐकून पुढे सरकते. म्हणून किंमत त्या आकड्याचं कारण दाखवल्यावर लगेच यावी. हातमागाची पैठणी घ्या. तिचा पदर उलटा करून कॅमेऱ्याजवळ धरला, की मागचा मोरही पुढच्यासारखाच स्वच्छ दिसतो. यंत्रावरच्या नकलेत बहुधा मागे सुटे धागे लोंबतात. बोलणं साधारण असं: “ताई, आजच्या पैठण्या बारा ते अठरा हजारांतल्या. ही जांभळी, पदर उलटा करते, मागून बघा. धागे सुटलेत का कुठे? हिची किंमत चौदा हजार. या रंगात तीनच आहेत, तिन्ही इथे टेबलावर. विचार करायचा असेल तर नंबर लिहून ठेवा.”

किंमत मागे ठेवणं ही लपवाछपवीच, असं कुणी म्हणेल. पण सुरुवातीलाच किमतीचा पल्ला सांगितल्यामुळे जिला परवडणार नाही तिचा वेळ जात नाही. उशिरा आलेल्यांसाठी आकडा पाटीवर लिहून ठेवावा. घाई केल्याशिवाय माल खपत नाही, हा दुसरा आक्षेप अर्धाच खरा. टेबलावरच्या तीन साड्यांतली एक बुक होताच उचलली, तर वेगळं ओरडावं लागत नाही. मात्र “शेवटचा पीस” म्हणून विकलेला रंग पुढच्या आठवड्यात पुन्हा दिसला, तर तीच गिऱ्हाइकं कमेंटमध्ये विचारतात. जादा माल मागवता येणार असेल, तर तेही तिथेच सांगावं.